'३०५०' घेतलं, पण व्हिडिओत दिसतात तेवढे एफपीएस येत नाहीत: ग्राफिक्स कार्ड खराब ठरवण्याआधी हे तपासा

पीसी जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. "दादा, कार्ड नवीन आहे, नाव तेच आहे, तरी मित्राच्या पीसीवर जो गेम मख्खन चालतो तो माझ्याकडे रडतो." कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. फक्त ते मित्राकडे आहे ते कार्ड नसतं. नाव एक, आत माल वेगळा, आणि फरक खोक्यावरच्या एका आकड्यात लपलेला.

लक्षणं

यातली एक-दोन जुळत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- त्याच नावाच्या कार्डाचे एफपीएस यूट्यूबवर जेवढे दिसतात, त्यापेक्षा तुमचे साधारण पाचव्या हिश्श्याने कमी येतात. तेही प्रत्येक गेममध्ये, रोज, सारखेच.
- तापमान ठीक, ड्रायव्हर नवा, कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर, तरी वेग नाही.
- कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागलीच नाही, आणि मित्राच्या कार्डाला लागते.
- क्वोटेशनवर फक्त '३०५०' किंवा '१६५०' एवढंच लिहिलेलं होतं.

मध्येच स्क्रीन काळी होणं, रंगीत ठिपके येणं, पीसी आपोआप बंद पडणं हे या आजाराचं लक्षण नाही. तसं होत असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: बिल आणि खोकं

फुकट आणि दोन मिनिटांची. नावापुढची शेपटी आपण सगळेच वाचतो: टीआय, सुपर, एक्सटी. ती शेपटी असली तर कार्ड वेगळं आहे हे निदान कळतं तरी. १६५० आणि १६५० सुपर यांत नुसता नावाचा फरक नाही. सुपरमध्ये ८९६ च्या जागी १२८० कोअर आहेत, चिपच मोठी आहे. 'ओसी' ही शेपटी मात्र सोडून द्या. कारखान्यातून कोअरचा क्लॉक थोडा वाढवून दिलाय एवढाच तिचा अर्थ. मेमरीची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला ती किती डेटा ने-आण करते तो आकडा, सहसा तीच राहते, आणि तेवढ्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजण्यात मला तरी राम दिसत नाही.

खरा घोळ शेपटी नसलेल्या कार्डांत होतो. तिथे मेमरीचा आकडा हीच शेपटी समजायची. सगळ्यात जास्त माझ्याकडे येतं ते आरटीएक्स ३०५० घेऊ. २०२२ च्या सुरुवातीला ते ८ जीबी मेमरीसह आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीवालं आलं. ऐकणाऱ्याला वाटतं, मेमरी दोन जीबी कमी, बाकी तेच. पण ८ जीबीत २५६० कोअर आहेत आणि ६ जीबीत २३०४. बूस्ट क्लॉक १७७७ वरून १४७० मेगाहर्ट्झवर आलाय. वीज १३० वॉटवरून ७० वॉटवर. आणि मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधली वाट, १२८ बिटवरून ९६ बिटवर.

बिलावर आकडा नसेल तर खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर बघा. त्याच्या शेवटी `O6G`, `6GD`, `8GD` असलं काहीतरी असतं, त्यातला अंक म्हणजे मेमरी. खोकं टाकून दिलं असेल तर कॅबिनेटची काच काढून कार्डाची वरची कड पाहा. ७० वॉट स्लॉटमधूनच मिळतात, म्हणून ६ जीबीच्या बहुतेक कार्डांना वायरीचं सॉकेट नसतं. ८ जीबीवाल्याला सहा किंवा आठ पिनची वायर लागते.

एक सांगतो, ६ जीबीचं ३०५० म्हणजे भंगार नव्हे. ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड पीसीत छोटा पॉवर सप्लाय असतो आणि जादा वायर नसते, तिथे ते मी स्वतः बसवून देतो. तक्रार एवढीच की ८ जीबीच्या किमतीला ते घेऊ नये, आणि ८ जीबीच्या व्हिडिओशी त्याची तुलना करू नये.

दुसरी तपासणी: तीन आकडे आणि एक गुणाकार

खोक्यावरून गाडी अडली तर कंपनीच्या वेबसाइटवर पार्ट नंबर टाकून तपशिलाचं पान उघडा. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: मेमरीचा प्रकार, मेमरीचा वेग आणि बसची रुंदी. बस म्हणजे टोलनाक्यावरच्या खिडक्या आणि मेमरीचा वेग म्हणजे प्रत्येक खिडकीवरचा माणूस किती भराभर पावत्या फाडतो ते. गाड्या किती सुटणार हे दोन्हींच्या गुणाकारावर ठरतं. एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

```
बँडविड्थ = मेमरीचा वेग × बसची रुंदी ÷ ८
८ जीबी:  14 × 128 ÷ 8 = 224
६ जीबी:  14 ×  96 ÷ 8 = 168
```

वेग गिगाबिटमध्ये देतात आणि बँडविड्थ गिगाबाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. दोन्ही ३०५० वर मेमरी एकाच जातीची आणि एकाच वेगाची आहे, तरी बस अरुंद म्हणून बँडविड्थ थेट पाव भाग घटली. कोअरही कमी, क्लॉकही कमी. लक्षणांत लिहिलेला पाचवा हिस्सा इथे गेला.

बस अरुंद का झाली तेही बघून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात उभ्या-उभ्या अंदाज बांधता येईल. जीडीडीआर ६ मेमरीची एक चिप ३२ बिट रुंद असते. आजकाल सर्रास दिसणारी चिप २ जीबीची. चार चिपा लावल्या की ८ जीबी आणि चार गुणिले ३२ म्हणजे १२८ बिट. एक चिप काढली की ६ जीबी आणि ९६ बिट. मेमरी आणि बस एकत्रच कमी होतात, कारण ती एकाच चिपेवर अवलंबून आहेत.

हाच हिशोब ३०६० ला लावा. मूळ ३०६० म्हणजे १२ जीबी, सहा चिपा, १९२ बिट, वेग १५, बँडविड्थ ३६०. २०२२ च्या शेवटी ८ जीबीचं ३०६० आलं: चार चिपा, १२८ बिट, बँडविड्थ २४०. कोअर दोन्हींत अगदी तेच, ३५८४. इथे नुसते कोअर मोजणारा माणूस हमखास फसतो. आणि "मला एवढी मेमरी लागतच नाही, ८ जीबी पुरे" म्हणणाराही फसतो, कारण त्याने मेमरीबरोबर बँडविड्थचाही तिसरा हिस्सा सोडून दिलेला असतो.

हा अंदाज दोन ठिकाणी चुकतो. जुन्या कार्डांत १ जीबीच्या चिपा आहेत. ३०६० टीआयची मेमरीही ८ जीबीच, पण १ जीबीच्या आठ चिपा, म्हणून बस २५६ बिट. आणि उलट बाजूने, ४०६० टीआयचं १६ जीबीवालं कार्ड. त्यात चिपा दुप्पट आहेत, पण दोन-दोन चिपा एकाच ३२ बिटच्या वाटेवर जोडल्यात. त्यामुळे बस ८ जीबीवाल्यासारखीच १२८ बिट आणि बँडविड्थही तीच, २८८. जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग हे समीकरण तिथे लागू नाही. म्हणून अंदाज दुकानात, खात्री तपशिलाच्या पानावर.

बस सारखी असून वेग वेगळा, हाही प्रकार आहे. जीटीएक्स १६५० हे २०१९ मध्ये जीडीडीआर ५ वर आलं आणि २०२० मध्ये जीडीडीआर ६ वर. दोन्ही ४ जीबी, दोन्ही १२८ बिट, दोन्ही ८९६ कोअर. पण वेग ८ विरुद्ध १२, म्हणून बँडविड्थ १२८ विरुद्ध १९२. जुन्या बाजारात १६५० घेताना मी तरी पहिला प्रश्न हाच विचारतो. सगळ्यात वाईट उदाहरण जीटी १०३० चं. जीडीडीआर ५ वाल्याची बँडविड्थ ४८ आणि नंतर त्याच नावाने आलेल्या डीडीआर ४ वाल्याची १६.८. बस दोन्हीकडे ६४ बिटच. मेमरी २ जीबी, नाव एक, आणि वाहून नेण्याची क्षमता जवळजवळ एक तृतीयांश. नुसतं यूट्यूब आणि एक्सेल चालवायचं असेल तर चालेल. गेमसाठी डीडीआर ४ चं १०३० कुणी फुकट दिलं तरच घ्या.

तिसरी तपासणी: पीसी स्वतः काय म्हणतो

आता कार्ड पीसीत आहे असं धरून चालू. जीपीयू-झेड हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर उघडा. पहिल्याच पानावर `Memory Type`, `Bus Width`, `Memory Size`, `Bandwidth` आणि `Shaders` असे रकाने आहेत. ८ जीबीच्या ३०५० वर अनुक्रमे GDDR6, 128 bit, 8192 MB, 224.0 GB/s आणि 2560 दिसायला हवेत. ६ जीबीवर 96 bit, 6144 MB, 168.0 GB/s आणि 2304. चिपेचं नाव GA106 ऐवजी GA107 दिसलं तर घाबरू नका, ८ जीबीचं ३०५० दोन्ही चिपांवर निघालंय. कोअर आणि बस जुळली की झालं.

क्लॉकच्या रकान्यात मात्र बरेचजण गोंधळतात. खोक्यावर वेग १४ लिहिलेला, जीपीयू-झेडमध्ये 1750 MHz, आणि लिनक्सवाल्याने ही कमांड मारली तर 7001 MHz:

```
nvidia-smi --query-gpu=name,memory.total,clocks.max.memory --format=csv
```

तिन्ही एकच. जीडीडीआर ६ साठी जीपीयू-झेडचा आकडा आठने गुणायचा, `nvidia-smi` चा दोनने, दोन्हीकडे १४ हजार म्हणजे १४ गिगाबिट येतं. जीडीडीआर ५ असेल तर जीपीयू-झेडचा आकडा चारने गुणायचा. आणि पीसी नुसता डेस्कटॉपवर बसलेला असताना चालू मेमरी क्लॉक ४०५ वगैरे दिसतो, तो वीज वाचवण्यासाठी खाली आलेला असतो. गेम चालू करून बघा, मग बोला.

`Bus Interface` हा रकाना मेमरीच्या बसचा नाही. तो मदरबोर्डाशी असलेल्या जोडणीचा आहे. ३०५० तिथे x8 दाखवतं, ती त्याची मूळ रचना आहे, दोष नाही. रिकामं बसल्यावर तिथे शेवटी 1.1 दिसतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी चाचणी चालवली की खरा आकडा वर येतो. चाचणीतही x4 किंवा x1 दिसलं तर पीसी बंद करून कार्ड नीट बसवा आणि ते प्रोसेसरजवळच्या पहिल्या लांब स्लॉटमध्येच आहे ना ते बघा.

एक मर्यादाही आहे. जीपीयू-झेडची बँडविड्थ मोजलेली नसते. ते क्लॉक आणि बस गुणून दाखवतं. म्हणजे कार्डाची ओळख पटवायला ते उत्तम, पण मेमरी निरोगी आहे का हे त्यावरून कळत नाही.

चौथी तपासणी: अडतंय ते बँडविड्थमुळेच का?

आकडे जुळले, कार्ड ८ जीबीचंच निघालं, तरी वेग कमी वाटतो. किंवा कार्ड ६ जीबीचं आहे आणि ते बदलून खरंच किती फायदा होईल हे बघायचंय. यासाठी मी आफ्टरबर्नर या कार्डाचे क्लॉक बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा क्लॉक मुद्दाम कमी करतो. वाढवत नाही. वाढवल्याने गेम कोसळू शकतो, कमी केल्याने काही बिघडत नाही.

एखाद्या गेममधली बेंचमार्कची चाचणी आहे त्या सेटिंगवर चालवा आणि सरासरी एफपीएस लिहून घ्या. मग `Memory Clock` उणे 500 करा. ७००१ चे ६५०१ झाले, म्हणजे बँडविड्थ साधारण ७ टक्क्यांनी उतरली. तीच चाचणी पुन्हा चालवा. एफपीएस ५-६ टक्क्यांनी पडले तर तुमचा गेम बँडविड्थलाच अडतोय. एखाद्या टक्क्याचाच फरक पडला तर अडचण कोअरमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये आहे, आणि जास्त रुंद बसचं कार्ड घेऊन पैसे वाया जातील. झालं की रिसेटचं बटण दाबायला विसरू नका.

याच वेळी मेमरी भरतेय का तेही बघा, कारण बँडविड्थ कमी पडणं आणि मेमरी कमी पडणं हे दोन वेगळे आजार आहेत. बँडविड्थ कमी पडली की गेम एकसारखा, शांतपणे हळू चालतो. मेमरी कमी पडली की सरासरी बरी दिसते पण मध्येच झटके बसतात, वळलं की भिंती क्षणभर धूसर दिसतात. टास्क मॅनेजरमध्ये `Dedicated GPU memory` काठोकाठ भरलेली आणि `Shared GPU memory` वर चढताना दिसली तर समजा की माल पीसीच्या रॅममध्ये सांडतोय. यावर उपाय टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणणं. त्याने बहुतेक वेळा झटके जातात आणि चित्रात फारसा फरकही दिसत नाही.

पाचवी: नवीन कार्ड निवडताना ही फूटपट्टी कुठे मोडते

हे सगळं गणित एकाच पिढीतल्या कार्डांना लावायचं. पिढी बदलली की ते दिशाभूल करतं. ३०६० ची बँडविड्थ ३६० आणि ४०६० ची २७२. कागदावर ४०६० हरलं. प्रत्यक्षात १०८० पी वर बहुतेक गेममध्ये ते पुढे असतं. कारण चिपेच्या आतच असलेली एल २ कॅशे. ३०६० मध्ये ती ३ एमबी आहे, ४०६० मध्ये २४ एमबी. जो डेटा कॅशेत सापडला त्यासाठी मेमरीपर्यंत जावंच लागत नाही, त्यामुळे अरुंद बसवर भार कमी येतो. एएमडीच्या आरएक्स ६६०० मध्ये हेच काम ३२ एमबीची इन्फिनिटी कॅशे करते.

पण कॅशे काही जादू नाही. रिझोल्यूशन वाढवलं की एका फ्रेमचा पसारा वाढतो, कॅशेत सापडण्याचं प्रमाण घटतं, आणि अरुंद बस उघडी पडते. म्हणून १०८० पी चा मॉनिटर असेल तर ४०६० बिनधास्त घ्या. मोठ्या रिझोल्यूशनवर खेळायचं असेल तर त्याच रिझोल्यूशनच्या चाचण्या बघा, १०८० पी च्या बघून ठरवू नका. १२ जीबी लागेल असं एखादं काम असेल, म्हणजे ब्लेंडरमधले जड सीन वगैरे, तर जुनं ३०६० आजही कामाचं आहे.

लॅपटॉपवाल्यांनी तर नावावर अजिबात जाऊ नये. डेस्कटॉपचं ४०७० म्हणजे १२ जीबी आणि १९२ बिट, लॅपटॉपचं ४०७० म्हणजे ८ जीबी आणि १२८ बिट. त्यात कार्डाला किती वॉट दिलेत हे लॅपटॉपगणिक बदलतं. तो वेगळाच विषय आहे.

इथे थांबा

जीपीयू-झेडमध्ये नावापुढे `[FAKE]` आलं तर पुढे काही करू नका. ते जुन्या चिपेवर नव्या कार्डाचं नाव चिकटवलेलं असतं. तो स्क्रीनशॉट आणि बिल घेऊन विकणाऱ्याकडे जायचं आणि पैसे परत मागायचे.

बिलावर ८ जीबी आणि कार्ड ६ जीबी असेल तरी तेच. बिल, खोक्यावरचा स्टिकर, कार्डावरचा सिरीयल नंबर आणि जीपीयू-झेडचं पान, या चारही गोष्टींचे फोटो एकाच दिवशी काढून ठेवा. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बिलावर नुसतंच '३०५०' असेल तर मात्र भांडण अवघड जातं. म्हणून पुढच्या वेळी क्वोटेशन मागतानाच पूर्ण पार्ट नंबर लिहून मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण लेखी.

६ जीबीच्या कार्डावर ८ जीबीवाल्याचा बायोस टाकून "अनलॉक" करायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. जी चिप बोर्डावर लावलेलीच नाही ती बायोसने उगवत नाही. बायोस चुकला तर कार्ड डिस्प्लेच देत नाही, मग ते प्रोग्रामर असलेल्या माणसाकडेच न्यावं लागतं. मेमरीच्या चिपांवरचा नंबर वाचायला हीटसिंक काढण्याचाही मोह होतो. स्क्रूवरचं सील तुटलं की वॉरंटीवर वाद सुरू होतो आणि थर्मल पॅड फाटले तर चांगलं कार्ड तापायला लागतं.

ठिपके, पट्टे, गेम सुरू होताच काळी स्क्रीन, किंवा जीपीयू-झेडमध्ये मेमरी कार्डाच्या तपशिलापेक्षा कमी दिसत असेल, तर तो मेमरी चिपेचा किंवा सोल्डरिंगचा दोष असू शकतो. वॉरंटीत असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. वॉरंटी संपली असेल तर बीजीए मशीन असलेला चिप-लेव्हल कारागीर गाठा, आणि काम सुरू करण्याआधी त्याच्याकडून खर्चाचा आकडा घ्या. ३०५० च्या किमतीच्या निम्म्याहून जास्त मागत असेल तर दुरुस्ती करू नका.